अर्ध्या हिशेबाचा तोटा

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात डॉलरने नव्वदी ओलांडली आणि कोल्हापूरच्या निर्यातदारांत एक जुनं मत पुन्हा जोरात ऐकू येऊ लागलं. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, कास्टिंग परदेशी पाठवणाऱ्या फाउंड्रीवाल्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच होतं. फॉरवर्ड कव्हर म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. रुपया घसरणारच असतो, मग साडेअठ्ठ्याऐंशीला डॉलर विकून मोकळं व्हायचं आणि पैसे आले त्या दिवशी बाजारात नव्वदचा भाव बघत बसायचं, असा उद्योग सांगितला कुणी?

हे मत मांडणारी माणसं अडाणी नाहीत. किलोमागे पंचवीस पैसे वाचवण्यासाठी स्क्रॅपच्या दलालाशी तासभर घासाघीस करणारी, रिजेक्शन एका टक्क्याने उतरवण्यासाठी महिनाभर कोअरच्या मिश्रणाशी झुंजणारी ही मंडळी आहेत. म्हणून त्यांच्या मताला उत्तरही हिशेबानेच द्यायला हवं. त्यांचे आक्षेप तीन आहेत. एक, कव्हर म्हणजे विम्याचा हप्ता, आणि अपघात झाला नाही की तो वाया जातो. दोन, रुपया एकाच दिशेने जातो, त्यामुळे या करारात जिंकते ती बँकच. तीन, मुदतीच्या दिवशी तोटा झाल्याचं बँकेचा कागदच सांगतो, मग वाद कशाचा? यातले पहिले दोन सरळ चुकीचे आहेत. तिसऱ्यात अर्धं सत्य आहे, आणि सगळा घोटाळा त्या अर्ध्या सत्यातूनच झाला आहे.

विम्याच्या हप्त्याचं आधी बघू. फॉरवर्डचा दर म्हणजे रुपया पुढे कुठे जाईल याबद्दल बँकेने बांधलेला अंदाज नव्हे. तो मुख्यतः दोन देशांच्या व्याजदरातल्या फरकावरून निघतो. भारतातलं व्याज अमेरिकेपेक्षा जास्त असल्यामुळे पुढच्या तारखेचा डॉलर आजच्या डॉलरपेक्षा महाग असतो. हा वरचा भाग म्हणजे प्रीमियम. आयातदाराला तो द्यावा लागतो, निर्यातदाराला मिळतो. आपल्या फाउंड्रीवाल्याला बँक आजच्या भावापेक्षा जास्त भाव लिहून देते आणि तो मात्र त्यालाच हप्ता म्हणतो. नावात ‘प्रीमियम’ आहे एवढ्यावरून पैसे आपल्या खिशातून जात असतील असं धरून चालणं म्हणजे कागद न वाचता सही करण्यासारखं आहे.

खर्च अजिबातच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. बँक या दरातून आपलं मार्जिन कापते आणि छोट्या युनिटकडून ते बरंच जास्त कापलं जाऊ शकतं. शिवाय फॉरवर्डसाठी बँक मर्यादा बांधते, ती मंजूर पतमर्यादेत धरली जाते, आणि कधी काही रक्कम अडकवूनही ठेवावी लागते. या गोष्टींना खर्च म्हणावं. पण हा खर्च पैशांत मोजता येतो आणि त्यावर भांडताही येतं. बँकेकडून एकच आकडा घेण्याऐवजी तीन आकडे वेगवेगळे मागावेत: आजचा स्पॉट किती, मुदतीपर्यंतचा प्रीमियम किती, तुमचं मार्जिन किती. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘एफएक्स-रिटेल’ या व्यासपीठावर छोट्या ग्राहकालाही बाजारातला चालू भाव दिसतो. तो भाव समोर ठेवून बोललं की मार्जिन खाली येतं. ज्याने हा प्रश्न कधी विचारलाच नाही, त्याने कव्हर महाग असल्याची तक्रार करू नये.

आता दुसरा आक्षेप. लांबून पाहिलं तर रुपया घसरत आला आहे, हे खरंच. २०१४ च्या सुरुवातीला डॉलर बासष्टच्या आसपास होता, २०२४ च्या सुरुवातीला त्र्याऐंशीच्या. म्हणजे दहा वर्षांत सरासरी वर्षाला तीन टक्क्यांची घसरण. पण निर्यातदाराचं बिल दहा वर्षांनी वटत नाही, साठ किंवा नव्वद दिवसांनी वटतं, आणि नव्वद दिवसांत रुपया कुठेही जातो. २००७ च्या सुरुवातीला चव्वेचाळीसच्या वर असलेला डॉलर त्याच वर्षाअखेरीस चाळिसाच्या खाली आला होता. ऑगस्ट २०१३ च्या शेवटी तो ६८ रुपये ८० पैशांपर्यंत चढला आणि ऑक्टोबरमध्ये एकसष्ट-बासष्टवर उतरला. ‘रुपया पडतोच’ म्हणून ऑगस्टच्या अखेरीस बिल उघडं ठेवलेल्या माणसाचे दोन महिन्यांत डॉलरमागे सहा-सात रुपये गेले. दीर्घ पल्ल्याच्या सरासरीने त्याला काही दिलं नाही.

तिसरा आक्षेप मुदतीच्या दिवसाच्या हिशेबाचा आहे. इथे आकडे मांडल्याशिवाय गत्यंतर नाही. उदाहरण म्हणून शिरोलीतली एक फाउंड्री घेऊ. ती अमेरिकेतल्या एका पंप कारखान्याला कास्टिंग पाठवते. बिल दोन लाख डॉलरचं, उधारी तीन महिन्यांची. फाउंड्री आणि बिल माझ्या कल्पनेतले आहेत. भाव मात्र २०२५ मध्ये बाजारात होते त्यांच्या आसपासचे, हिशेबाच्या सोयीसाठी गोल केलेले.

पहिलं बिल फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातलं. त्या दिवशी स्पॉट ८७.४०. तीन महिन्यांचा प्रीमियम ४५ पैसे धरू आणि बँकेचं मार्जिन ५ पैसे. करार झाला ८७.८० ला. मेच्या पहिल्या आठवड्यात पैसे आले तेव्हा रुपया सावरला होता आणि डॉलर ८४.४० वर होता. कव्हर घेतलेल्याला १ कोटी ७५ लाख ६० हजार मिळाले. उघड्या राहिलेल्याला १ कोटी ६८ लाख ८० हजार. फरक डॉलरमागे ३ रुपये ४० पैसे, एकूण ६ लाख ८० हजार.

दुसरं बिल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं. स्पॉट ८८.१०, प्रीमियम आणि मार्जिन तेवढंच, करार ८८.५० ला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाजार ९०.१०. कव्हरवाल्याला मिळाले १ कोटी ७७ लाख, उघड्याला १ कोटी ८० लाख २० हजार. फरक डॉलरमागे १ रुपया ६० पैसे. म्हणजे ३ लाख २० हजारांचा ‘तोटा’. डिसेंबरमध्ये ज्याच्या नावाने बोटं मोडली गेली, तो हाच.

दोन्ही व्यवहारांची बेरीज करून ‘बघा, कव्हरवाला साडेतीन लाखांनी पुढेच आहे’ असं मी म्हणणार नाही. ते अप्रामाणिकपणाचं होईल. दुसऱ्या तारखा निवडल्या तर बेरीज उलटी येईल, आणि बेरजेवर कव्हरचं समर्थन करणारा माणूस विरोधकाच्याच चुकीत सापडतो. फॉरवर्डमधून पैसे कमवायचे असतात हे त्यानेही मान्य केलेलं असतं.

पूर्ण हिशेब वेगळा आहे. तो कसा करायचा, हे इंड-एएस लागू नसलेल्या कंपन्यांसाठीचं लेखामानक ११ नेमकं सांगतं. त्यानुसार फॉरवर्डचे दोन भाग करायचे. करार केला त्या दिवशीचा स्पॉट आणि कराराचा दर यांतला फरक हा एक भाग. तो कराराच्या मुदतीवर दिवसांच्या प्रमाणात उत्पन्न किंवा खर्च म्हणून वाटायचा. दुसरा भाग म्हणजे स्पॉट कुठून कुठे गेला तो बदल. तो नफा-तोटा पत्रकात घ्यायचा. आणि ज्या येण्यासाठी कव्हर घेतलं, ते येणंही त्याच स्पॉटने पुन्हा मोजायचं. लोक विसरतात ते नेमकं हेच शेवटचं वाक्य.

फेब्रुवारीच्या बिलाला हे लावून पाहू. स्पॉट ८७.४० वरून ८४.४० वर, म्हणजे तीन रुपयांनी उतरला. येण्यावर ६ लाखांचा तोटा, फॉरवर्डवर ६ लाखांचा फायदा. मध्ये ३१ मार्च येतो, त्या दिवशी स्पॉट ८५.५८ होता. त्यामुळे या सहा लाखांपैकी ३ लाख ६४ हजार आधीच्या आर्थिक वर्षात पडतात आणि २ लाख ३६ हजार नव्या वर्षात, पण दोन्ही बाजूंना सारखेच. ते एकमेकांना खातात. उरतो तो कराराच्या वेळचा ४० पैशांचा फरक, दोन लाख डॉलरवर ८० हजार रुपये उत्पन्न.

आता सप्टेंबरचं बिल. स्पॉट ८८.१० वरून ९०.१० वर, दोन रुपयांनी चढला. येण्यावर ४ लाखांचा फायदा, फॉरवर्डवर ४ लाखांचा तोटा. तेही एकमेकांना खातात. उरतात पुन्हा ८० हजार रुपये उत्पन्न.

एकदा रुपया वधारला, एकदा घसरला, आणि दोन्ही वेळा फाउंड्रीच्या हाती आलं तेच: बिलाच्या दिवशीचा भाव आणि वर डॉलरमागे ४० पैसे. कव्हरचं काम एवढंच आहे, आणि ते दोन्ही वेळा चोख झालं. डिसेंबरचा ३ लाख २० हजारांचा तोटा पाहणाऱ्याने फॉरवर्डवरचे गेलेले चार लाख पाहिले, ८० हजारांचा प्रीमियमही त्यात वळता केला, पण त्याच दिवशी येण्यावर चार लाख वाढले होते ते मात्र पाहिले नाहीत. वहीचं डावं पान वाचायचं आणि उजवं झाकून ठेवायचं, याला हिशेब म्हणत नाहीत.

‘पण कव्हर घेतलं नसतं तर तीन लाख वीस हजार जास्त मिळाले असते की नाही?’ असा प्रश्न यावर हमखास येतो. मिळाले असते. पण तो न मिळालेला फायदा आहे आणि तोट्याशी त्याची गल्लत करू नये. खरा तोटा मोजायचा असेल तर बाजारभावाशी तुलना करून उपयोग नाही, तुलना करायची ती कॉस्टिंगच्या दराशी. समजा फेब्रुवारीच्या बिलाची ऑर्डर घेताना डॉलर ८६ धरून किंमत काढली होती आणि विक्रीवर सहा टक्के नफा ठेवला होता. म्हणजे अपेक्षित विक्री १ कोटी ७२ लाख आणि त्यातला नफा १० लाख ३२ हजार. उघडं राहिलेल्याला ८४.४० मिळाले, कॉस्टिंगपेक्षा १ रुपया ६० पैशांनी कमी. योगायोगाने आकडा पुन्हा तोच येतो, ३ लाख २० हजार. फरक असा की हे पैसे खरोखर गेले. भट्टीची वीज, पिग आयर्न, मजुरी, शॉट ब्लास्टिंग हे सगळे खर्च होऊन माल बोटीवर चढल्यानंतर नफ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गळला. डिसेंबरच्या कव्हरवाल्याचं तसं झालं नाही. त्याने कॉस्टिंग ८७ ला केलं असेल तर ८८.५० मिळून तो तीन लाखांनी वरच राहिला.

शिवाय रुपया घसरल्याचा फायदा किती दिवस टिकतो, हे प्रत्येक निर्यातदाराला ठाऊक आहे. डॉलर दोन रुपयांनी चढला की परदेशी खरेदी अधिकारी पुढच्याच बैठकीत किंमत कमी करून मागतो. तो उतरला तर मात्र किंमत वाढवून द्यायला कुणी फोन करत नाही.

कव्हरमुळे खरोखर हात पोळलेले लोकही आहेत, आणि त्यांना बाजूला सारून हा लेख पूर्ण होणार नाही. पण ते पोळले ते बाजार नव्वदीवर गेला म्हणून नव्हे. कराराच्या मागे डॉलर नव्हते म्हणून.

सप्टेंबरचाच करार घ्या. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क पन्नास टक्क्यांवर नेलं आणि अनेक खरेदीदारांनी हात आखडता घेतला. समजा बिल निघालेलं नव्हतं, नुसत्या ऑर्डरवर कव्हर घेतलं होतं, आणि ऑर्डर रद्द झाली. डिसेंबरमध्ये करार रद्द करताना बँक तुम्हाला डॉलर विकल्यासारखा हिशेब लावते, तोही आपल्या विक्रीदराने. तो ९०.१५ धरला तर ८८.५० शी फरक १ रुपया ६५ पैसे, म्हणजे ३ लाख ३० हजार, आणि ते थेट खात्यातून वळते होतात. इथे येणं नाही, त्यामुळे येण्यावरचे चार लाखही नाहीत. वहीचं उजवं पान कोरंच आहे. हा खरा तोटा, आणि त्याचं कारण फॉरवर्ड नव्हतं. नसलेल्या डॉलरची विक्री हे त्याचं कारण होतं.

ऑर्डर रद्द न होता दोन महिने पुढे गेली तरी अडचण येतेच. मुदतवाढ म्हणजे जुना करार आजच्या भावाने रद्द करून नवा करणं. सव्वातीन लाखांचा फरक आज भरायचा, त्याची भरपाई दोन महिन्यांनी वरच्या दराने डॉलर वटतील तेव्हा. कागदावर हे बहुतांशी जुळतं, पण पगाराच्या आठवड्यात खात्यातून सव्वातीन लाख जाणं छोट्या फाउंड्रीला परवडत नाही. बँकेला वेळेत न कळवता करार पडू दिला तर तो मुदतीनंतर आपोआप रद्द होतो आणि तोट्याचा भुर्दंड तुमच्याच माथी बसतो.

दुसरी चूक जास्त छुपी आहे, आणि ती मी आपल्याकडे वारंवार पाहिली आहे. पॅकिंग क्रेडिट डॉलरमध्ये घेतलं, ते त्याच दिवशी रुपयांत करून कच्चा माल भरला आणि वर त्याच ऑर्डरवर फॉरवर्डही केला. कर्ज डॉलरमध्ये घेऊन रुपये केले तेव्हाच तेवढे डॉलर विकून झाले होते. निर्यातीचे पैसे आले की ते त्या कर्जात जिरणार. मग फॉरवर्डला द्यायला डॉलर कुठून आणायचे? हे दुहेरी कव्हर आहे, आणि रुपया घसरला की त्यातला एक भाग शुद्ध सट्टा ठरतो. फॉरवर्ड करण्याआधी बँकेच्या अधिकाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: या बिलातले किती डॉलर कर्जात जाणार आणि किती मोकळे राहणार?

तिसरी गोष्ट आपल्याच धंद्याची. ओतकामात रिजेक्शन असतंच. ब्लो होल किंवा कोअर सरकल्याचं तिथे मशीनिंगला लावल्यावर कळतं आणि डेबिट नोट येते. दोन लाखांच्या बिलातून आठ हजार डॉलर कापून आले तर फॉरवर्डला तेवढे कमी पडतात आणि तेवढ्यापुरता करार रद्द करून फरक भरावा लागतो. म्हणून बिलाच्या पूर्ण रकमेचं कव्हर घेऊ नये. ज्याचं रिजेक्शन चार टक्के, त्याने नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांवर थांबावं. बिल निघालेल्या मालाचं असं भरघोस, पक्क्या ऑर्डरचं अर्धं, आणि नुसत्या अंदाजाच्या मालाचं अगदी थोडं किंवा नाहीच. वर्षभराच्या अंदाजित निर्यातीवर आजच फॉरवर्ड करणाऱ्याने लक्षात ठेवावं की रुपया घसरला तर आयात केलेला कोळसा आणि त्यावरचा कोक महागतो, पिग आयर्न महागतं, खर्च वाढतो, आणि त्याचा विक्रीदर मात्र आधीच बांधलेला असतो.

एक जखम अजून बोलकी आहे म्हणून तिचाही उल्लेख करतो. २००७-०८ च्या आठवणीने अनेकांना बँकेच्या ‘डेरिव्हेटिव्ह’ या शब्दाचीच धास्ती वाटते, आणि ती उगाच नाही. त्या काळात तिरुपूरसह देशभरातल्या निर्यातदारांना गुंतागुंतीचे ऑप्शन विकले गेले. कमाई डॉलरची, करार मात्र कधी स्विस फ्रँकवर बेतलेला. त्यांत प्रचंड नुकसान झालं, प्रकरणं न्यायालयात गेली, आणि एप्रिल २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने डेरिव्हेटिव्हविषयीच्या सूचना मोडल्याबद्दल एकोणीस बँकांना दंड केला. पण तो साधा फॉरवर्ड नव्हता. फॉरवर्डमध्ये एक रक्कम, एक तारीख आणि एक दर असतो. यापलीकडे चौथी अट कागदावर दिसली की सही करू नये. त्या कागदाची भीती या कागदावर काढण्यात मात्र अर्थ नाही.

उघडं राहणं हाही एक निर्णय आहे आणि तो घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ज्याचा नफा वीस टक्के आहे, ज्याच्यावर कर्ज नाही, त्याने रुपयावर खुशाल बसावं. पण मग आपण कास्टिंगबरोबर डॉलरचाही धंदा करतो आहोत, हे त्याने स्वतःशी कबूल करावं आणि तो धंदा वेगळ्या वहीत लिहावा. पाच-सहा टक्के नफ्यावर, बँकेच्या पैशावर चालणाऱ्या फाउंड्रीने हा दुसरा धंदा करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा मालकांना आणि त्यांच्या हिशेबनीसांना एकच सांगणं. वर्षाअखेरच्या कागदावर ‘फॉरवर्डवरील तोटा’ अशी एकटी ओळ काढू नका. प्रत्येक बिलासमोर चार दर लिहा: कॉस्टिंगचा, बिलाच्या दिवशीचा, कराराचा आणि पैसे आले त्या दिवशीचा. कराराचा दर कॉस्टिंगच्या वर असेल आणि डॉलर वेळेवर आले असतील, तर चौथा आकडा नव्वद असो की चौऱ्याऐंशी, त्या बिलात तुमचा एक पैसाही बुडालेला नाही.